मॅनेजरचा इंग्लिश मेल, जपानी क्लायंट आणि केइगो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आलटून पालटून येतच असतात, म्हणून एकदाचे सगळे एका जागी लिहून टाकतेय. ज्यांचं एन-थ्री, एन-टू झालंय, देस-मास व्यवस्थित येतं, आणि आता ऑफिसात मॅनेजरचे इंग्लिश मेल जपानी क्लायंटला पाठवायचं काम गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हे आहे. तानाका, सुमिसु (म्हणजे आपला स्मिथ), सुझुकी ही नावं फक्त नमुन्याची. जपानीत कंपनीचं नाव गाळायचं असेल तर 'मारुमारु' म्हणतात, तसंच इथे केलंय.

१. केइगोच्या लेव्हल्स नक्की किती? क्लासमध्ये तीन शिकवल्या, नेटवर पाच दिसतात.

दोन्ही बरोबर आहे. जुनी विभागणी तीनची: समोरच्याला वर चढवणारं सोनकेइगो, स्वतःला खाली घेणारं केन्जोगो आणि नुसतं सभ्य बोलणं म्हणजे तेइनेइगो. २००७ मध्ये जपान सरकारच्या सांस्कृतिक सल्लागार मंडळाने 'केइगो नो शिशिन' नावाची मार्गदर्शिका काढली, त्यात केन्जोगोचे दोन भाग केले आणि ओचा, ओसाके यांतल्या 'ओ'ला बिकागो म्हणून वेगळं काढलं, असे पाच झाले. बिकागो मेलच्या कामात फारसं नडत नाही, पण केन्जोगोचे दोन भाग मात्र चांगलेच नडतात, ते प्रश्न ९ मध्ये.

पण खरी गडबड 'लेव्हल' या शब्दानेच होते. लोकांना वाटतं तेइनेइगो खाली, केन्जोगो मध्ये आणि सोनकेइगो सगळ्यात वर, आणि क्लायंट मोठा म्हणून सगळीकडे सोनकेइगो घालायचं. तसं नाहीये. सोनकेइगो आणि केन्जोगो या दिशा आहेत. क्रिया क्लायंटची असेल तर सोनकेइगो, आपली असेल तर केन्जोगो, इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. किती जाड लावायचं हा त्यापुढचा वेगळा निर्णय: देस की दे गोझाइमास, ओमोइमास की झोन्जिमास, ओनेगाइ इताशिमास की ओनेगाइ मोशिआगेमास. दिशा चुकली तर ती चूक असते. जाडी चुकली तर मेल फक्त थोडा कोरडा किंवा थोडा लोणी लावल्यासारखा वाटतो. त्यामुळे आधी दिशा तपासायची, मग जाडी.

२. मॅनेजरने 'हाय केन्जी' लिहिलंय आणि शेवटी 'चीअर्स'. म्हणजे कॅज्युअल ठेवायचं ना?

नाही. इंग्लिशमध्ये मालकसुद्धा कारकुनाला 'हाय केन्जी' लिहितो आणि कारकूनसुद्धा मालकाला तसंच लिहितो, त्यातून नात्याची काही माहिती मिळतच नाही. जपानी मेलमध्ये केन्जी हे नाव येणारच नाही, येईल ते कंपनीचं नाव, विभाग आणि 'तानाका सामा'. 'हाय'च्या जागी 'इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास' आणि 'चीअर्स'च्या जागी 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमास'. ही भाषांतरं नव्हेत, त्या त्या जागेवर जपानी मेलमध्ये जे असतं ते आहे.

'होप यू हॅड अ ग्रेट वीकेंड' सरळ काढून टाका, त्याचं काम ओसेवा-वाली ओळ करते. अगदी पहिलाच मेल असेल तर मात्र ओसेवा-वाली ओळ विचित्र दिसते कारण अजून कसली सेवा झालेलीच नाही, तिथे 'हाजिमेते गोरेन्राकु इताशिमास' किंवा 'तोत्सुझेन नो गोरेन्राकु, शित्सुरेइ इताशिमास'. आणि कोणाच्या तरी जुन्या पुस्तकातून 'हाइकेइ' आणि ऋतूंची वर्णनं उचलू नका, ती कागदी पत्रात शोभतात.

३. मग जाडी ठरवायची कशावरून?

मी आधी क्लायंटचा शेवटचा मेल उघडते. तो 'देस' लिहितो की 'दे गोझाइमास', विनंती करताना 'ओनेगाइ शिमास'वर थांबतो की 'इतादाकेमास तो साइवाइ देस'पर्यंत जातो, ते बघायचं आणि त्याच्याइतकं किंवा किंचित जास्त ठेवायचं. आपण पैसे घेणारी बाजू आहोत म्हणून किंचित जास्त. मागचा मेलच नसेल तर दे गोझाइमासवाली जाडी धरा, त्यात कोणाला कधी राग येत नाही.

दुसरं म्हणजे मेलमधलं काम. रोजचं स्टेटस असेल तर साधं चालतं. काही मागायचं असेल तर एक पायरी वर. माफी, नकार किंवा किंमत वाढवणं असेल तर दोन पायऱ्या वर, आणि तीसुद्धा फक्त त्या मुद्द्याच्या वाक्यांपुरती. सगळा मेल जाड केला की महत्त्वाचं वाक्य त्यात हरवून जातं. आणि एकाच थ्रेडमध्ये सोमवारी झोन्जिमास आणि मंगळवारी नुसतं ओमोइमास असं केलं तर तानाका-सानना वाटतं मेल लिहिणारा माणूस बदलला किंवा काहीतरी बिनसलं. टीममध्ये दोघं-तिघं भाषांतर करत असाल तर क्लायंटनिहाय एक नोट ठेवा: संबोधन, पहिली ओळ, शेवटची ओळ. एवढ्यावर काम भागतं.

४. क्लायंटला लिहिताना आपल्या मॅनेजरच्या नावापुढे सान लावायचं का? न लावणं फार उद्धट वाटतं.

लावायचं नाही. क्लायंटसमोर मॅनेजर, डायरेक्टर, अगदी कंपनीचा अध्यक्षसुद्धा 'आपल्या आतला' माणूस, आणि आतल्या माणसाला बाहेरच्यासमोर वर चढवत नाहीत. 'सुमिसु-सान गा ओश्शाइमाशिता' नाही, 'सुमिसु गा मोशिते ओरिमाशिता'. पदसुद्धा नावानंतर लावलं की ते आदरार्थी होतं, म्हणून 'सुमिसु बुचो' नाही. सांगायचंच असेल तर 'बुचो नो सुमिसु', म्हणजे पद नुसती माहिती म्हणून आधी येतं.

हे आपल्याला जास्तच जड जातं कारण मराठीत उलटं आहे. बाहेरच्या माणसाने विचारलं तरी आपण 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', 'बाबा आलेत' असंच म्हणतो, आपला मोठा माणूस कोणासमोरही मोठाच राहतो. जपानीत मोठेपणा ऐकणाऱ्यावर ठरतो. ऑफिसच्या आतल्या मेलमध्ये तोच स्मिथ 'सुमिसु-सान' किंवा 'सुमिसु बुचो' असतो, मेल क्लायंटकडे वळला की नुसता सुमिसु. आतला थ्रेड क्लायंटला फॉरवर्ड करताना ही चूक सगळ्यात जास्त होते. आतल्या मेलमधला परिच्छेद तसाच कॉपी केलेला असतो, आणि त्यातलं सान आणि ओश्शात्ता दोन्ही तसंच जातं.

५. पण क्लायंट स्वतःच आपल्या मॅनेजरला, मार्क स्मिथला, 'माकु-सान' लिहितात. आता?

त्यांनी लिहिणं बरोबरच आहे, त्यांच्यासाठी तो बाहेरचा. परदेशी माणसाला पहिल्या नावाने सान लावून हाक मारणं जपानी ऑफिसात नेहमीचं आहे. तुम्ही उत्तरात आडनाव सोडून 'माकु' वापरलंत तरी चालेल, फक्त सान नको: 'मारुमारु-शा नो माकु देस'. एकदा सुमिसु, एकदा माकु असं मात्र करू नका, खरंच दोन माणसं वाटतात. सहीत पूर्ण नाव काताकानात आणि रोमन अक्षरांत, दोन्ही ठेवा.

मॅनेजरला हे आधी सांगून ठेवणं बरं, कारण त्याला थोडी जपानी अक्षरं ओळखता येत असतील तर 'सगळ्यांना मान आणि मीच बिनमानाचा?' असा मेसेज येतो.

६. क्लायंटला 'तुम्ही' कसं म्हणायचं? आनाता?

आनाता नाही, कधीच नाही. तीन मार्ग आहेत: कर्ता गाळा, 'तानाका सामा' लिहा, किंवा कंपनीबद्दल असेल तर 'किशा'. किशा लिहिताना, ओन्शा बोलताना. मेलमध्ये ओन्शा आलं तर आभाळ कोसळत नाही पण दिसतं. बँक असेल तर किको, हॉस्पिटल असेल तर किइन. आपली कंपनी हेइशा.

सामा नावाला लागतं, व्यक्तीचं नाव माहीत नसेल आणि मेल कंपनीला किंवा विभागाला असेल तर 'ओन्चू', आणि दोन्ही एकत्र नाही. पद स्वतःच आदरार्थी असल्यामुळे 'तानाका बुचो सामा' हा डबल डोस होतो, 'एइग्योबु बुचो, तानाका सामा' असं पद आधी लिहा. सामाला स्त्री-पुरुष भेद नाही हे मोठं सुख आहे, मिस्टर की मिस हा मॅनेजरचा प्रश्न तिथेच मिटतो.

७. 'प्लीज सेंड'चं 'ओकुत्ते कुदासाइ' का चालत नाही? कुदासाइ म्हणजे प्लीजच ना?

कुदासाइ सभ्य आहे पण ती आज्ञाच आहे, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवत नाही. फॉर्म भरा, इथे क्लिक करा, गोकाकुनिन कुदासाइ, जिथे करणं क्लायंटच्याच फायद्याचं आहे तिथे ते ठीक. पण आपल्या सोयीसाठी काही मागताना वाक्य 'इतादाकु'कडे वळवायचं. साधं: 'ओओकुरि इतादाकेमास का'. त्याहून मऊ: 'ओओकुरि इतादाकेमास देशो का', यावर शुद्धतावादी नाक मुरडतात, पण ऑफिसात सर्रास चालतं. अजून मऊ: 'ओओकुरि इतादाकेमास तो साइवाइ देस', म्हणजे पाठवलंत तर बरं होईल. औपचारिक: 'ओओकुरि इतादाकिमासु यो ओनेगाइ मोशिआगेमास'.

त्याआधी एक उशीवाला शब्द येतो, जपानीत त्याला खरंच कुश्शोन कोतोबा म्हणतात: 'ओसोरेइरिमास गा', 'ओतेसू ओ ओकाके इताशिमास गा', ऐच्छिक असेल तर 'साशित्सुकाए नाकेरेबा'. यातला शेवटचा जपून वापरा. साशित्सुकाए नाकेरेबा लिहिलंत म्हणजे नाही दिलं तरी चालेल असं तुम्ही सांगितलंत, आणि मॅनेजरला ती फाइल बुधवारपर्यंत हवीच असेल तर गोची तुमची होते. 'साइवाइ देस'चंही थोडं तसंच आहे, म्हणून पक्की मुदत असेल तर तारीख वाक्याच्या सुरुवातीकडे घ्या आणि शेवट 'ओनेगाइ इताशिमास'ने करा.

८. 'कृपया अटॅचमेंट बघा' याचं मी 'हाइकेन शिते कुदासाइ' केलं, सीनिअर हसले. का?

कारण हाइकेन म्हणजे 'मी नम्रपणे बघणे'. क्लायंटला सांगितलंत की तुम्ही माझ्यासमोर वाकून बघा. शब्द भारदस्त आहे, दिशा उलटी आहे. क्लायंटने बघायचं तर 'गोरान कुदासाइ' किंवा 'गोकाकुनिन', आपण बघितलं तर 'हाइकेन इताशिमाशिता'. तसंच 'आमच्या इंजिनिअरला विचारा' याचं 'ओउकागाइ कुदासाइ' करू नका, उकागाउ आपलं, त्यांच्यासाठी 'ओताझुने कुदासाइ'. 'तुम्ही हे वापरू शकता' याचं 'गोरियो देकिमास' हेही चुकीचं, कारण 'गो... देकिरु' हे केन्जोगोचं रूप आहे. 'गोरियो इतादाकेमास' लिहा.

तपासायची पद्धत सोपी आहे. मेल लिहून झाला की प्रत्येक क्रियापदापाशी थांबून 'हे कोण करतंय?' एवढंच विचारायचं. इंग्लिशमध्ये कर्ता लिहिलेला असतो म्हणून तो हाताशी असतो, जपानीत आपण तो गाळतो आणि मग आपणच विसरतो. गाळलेल्या कर्त्याचं काम क्रियापदाची दिशा करत असते, त्यामुळे ती चुकली तर कधी कधी कोण काय करणार हेच बदलून जातं.

९. केन्जोगोचे दोन प्रकार मेलमध्ये कुठे नडतात?

आपली कंपनी आणि आपला वरचा साहेब वाक्यात आला की. पहिल्या प्रकारात (उकागाउ, ओत्सुताए सुरु, मोशिआगेरु) क्रिया ज्याच्याकडे जाते तो वर चढतो. दुसऱ्या प्रकारात (माइरु, मोसु, इतासु, ओरु) क्रिया कोणाकडे जाते याला महत्त्व नाही, फक्त मेल वाचणाऱ्यासमोर आपण अदबीने बोलतो.

आता मॅनेजरने लिहिलंय, 'मी पुढच्या आठवड्यात आमच्या हेड ऑफिसला जातोय, तिथे आमच्या सीईओंना विचारतो.' याचं 'होन्शा नि उकागाइ, शाचो नि ओउकागाइ शिमास' केलं तर क्लायंटसमोर आपण आपलंच हेड ऑफिस आणि आपलाच सीईओ चढवला. बरोबर: 'होन्शा नि माइरिमास नोदे, शाचो नि काकुनिन इताशिमास'. क्लायंटच्या ऑफिसला जायचं असेल तेव्हा उकागाइमास हवंच.

रोज लागणारं उदाहरण म्हणजे 'मी सुझुकीला सांगतो'. सुझुकी आपल्या टीमचा असेल तर 'सुझुकी नि मोशित्सुताएमास', क्लायंटच्या टीमचे असतील तर 'सुझुकी सामा नि ओत्सुताए इताशिमास'. एकाच नावाचा माणूस दोन्हीकडे असेल तर या क्रियापदावरूनच कळतं कोणता.

१०. सासेते इतादाकु सगळीकडे लावलं तर सेफ नाही का?

नाही. २००७ च्या त्याच मार्गदर्शिकेत म्हटलंय की हे रूप मुळात दोन गोष्टी असतील तिथे बसतं: समोरच्याची परवानगी घेऊन करणं, आणि त्यातून आपल्याला काही लाभ झाल्याची भावना. मीटिंगची तारीख बदलायचीय, परवानगी लागतेच, तिथे 'हेन्को सासेते इतादाकिताकु' एकदम चपखल. पण 'फाइल पाठवतोय' याला कोणाची परवानगी? 'ओओकुरि इताशिमास' बास. एका वाक्यात दोनदा इतादाकु आलं की एक काढायचं, हा मी स्वतःपुरता केलेला नियम आहे, सुटसुटीत वाटतं.

आणि व्याकरणाची एक वेगळी चूक: योमासासेते, यासुमासासेते असा जादा 'सा' घुसवू नका. योमासेते, यासुमासेते.

११. एक पूर्ण मेल करून दाखवा ना.

मॅनेजरचा मेल असा: 'हाय केन्जी, थोडा धीर धरलात त्याबद्दल थँक्स. शुक्रवारी १० तारखेला डिलिव्हरी जमणार नाही, फायनल टेस्टिंगमध्ये एक बग सापडलाय आणि तो काढूनच तुम्हाला द्यायचंय. नवी तारीख १४. जमेल का कळव. आणि हो, सही केलेला एनडीए बुधवारपर्यंत पाठवशील का? चीअर्स, मार्क.'

भाषांतराआधी मॅनेजरला एकच गोष्ट विचारा: १४ तारीख ठरलीच आहे की ते नाही म्हणाले तर बदलू शकते? इंग्लिशमध्ये दोन्ही अर्थ निघतात, जपानीत एक निवडावा लागतो. समजा तो म्हणाला, विचारतोय. मग:

'इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास. मारुमारु-शा नो सुमिसु दे गोझाइमास.

तोओका (किन) नि योतेइ शिते ओरिमाशिता नोहिन नो केन दे, गोरेन्राकु इताशिमाशिता.

साइशू तेसुतो नि ते फुगुआइ गा मित्सुकारिमाशिता. माकोतो नि मोशिवाके गोझाइमासेन गा, शूसेइ नो उए, नोहिन ओ जूयोक्का (का) नि हेन्को सासेते इतादाकिताकु झोन्जिमास. गोत्सुगो वा इकागा देशो का.

गोमेइवाकु ओ ओकाके शि, फुकाकु ओवाबि मोशिआगेमास. नानितोझो योरोशिकु ओनेगाइ मोशिआगेमास.'

धीर धरल्याबद्दलचे आभार गेले, कारण तानाका-सानना अजून उशिराची बातमीच नाही, आणि उशीर करणाऱ्याने आधीच आभार मानले तर गृहीत धरल्यासारखं वाटतं. त्या जागी माफी आली. 'बग'ला फुगुआइ म्हटलं, क्लायंटला बिघाड सांगायचा हा नेहमीचा शब्द आहे. तारखेसोबत कंसात वार घातला, मंगळवारचा 'का'. तारीख पक्की असती तर शेवट 'सासेते इतादाकिमास' झाला असता आणि 'इकागा देशो का' उडालं असतं.

एनडीए मुद्दाम वेगळ्या मेलमध्ये टाकलाय. माफी मागता मागता काहीतरी मागणं बरं दिसत नाही आणि ती विनंती खाली दडूनही जाते. तो मेल दोन ओळींचा: 'ओतेसू ओ ओकाके इताशिमास गा, सुइयोबि मादे नि गोहेन्सो इतादाकेमासु यो ओनेगाइ इताशिमास.' मॅनेजरला मात्र सांगा की एका मेलचे दोन केलेत.

१२. मॅनेजर म्हणतो एवढी माफी का मागितली, लीगलवाले ओरडतील. काय उत्तर द्यायचं?

त्याची शंका रास्त आहे, 'जपानीत असंच असतं' एवढ्यावर त्याला गप्प करू नका. माफी कशाची मागतोय ते वेगळं काढता येतं. 'गोमेइवाकु ओ ओकाके शि' म्हणजे तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल, यात चूक कोणाची ते ठरलेलं नाही. 'हेइशा नो फुतेगिवा नि योरि' म्हणजे आमच्या हलगर्जीमुळे, इथे चूक कबूल झाली. कारण अजून तपासात असेल तर पहिलं लिहा आणि 'गेन्इन ओ काकुनिन-चू दे गोझाइमास' जोडा. नुकसानभरपाईचा वास येत असेल तर ते वाक्य पाठवायच्या आधी लीगलला शब्दशः अर्थासकट दाखवा.

उलट्या बाजूला, माफी टाळायला 'इकान' वापरू नका. ते बातम्यांमधल्या निवेदनांत शोभतं, 'खेद वाटतो' असा लांबून सूर असतो, क्लायंटला ते झोंबतं.

१३. मॅनेजरने स्पष्ट 'नो' लिहिलंय. जपानीत किती गुळमुळीत करायचं?

शब्द मऊ, अर्थ पक्का. 'देकिमासेन' टोचतं, 'मुझुकाशी देस' मऊ आहे पण अजून वाटाघाटीला जागा आहे असं वाचलं जाऊ शकतं. मधला मार्ग 'इताशिकानेमास': 'ओसोरेइरिमास गा, कोरे इजो नो ओनेबिकि वा इताशिकानेमास', यापेक्षा जास्त डिस्काउंट देता येणार नाही. हे रूप दिसायला होकारार्थी, अर्थ नकाराचा, त्यामुळे नवीन लोक क्लायंटच्या मेलमधलं इताशिकानेमास 'करतो' असं वाचतात, तेव्हा उलट दिशेला काम करतानाही डोळे उघडे ठेवा. ऑफर नाकारायची असेल तर 'कोन्काइ वा मिओकुरासेते इतादाकिमास'.

१४. डबल केइगो म्हणजे काय आणि सगळंच चुकीचं असतं का?

एकाच क्रियापदाला एकाच प्रकारचा आदर दोनदा लावणं. ओश्शारु आधीच सोनकेइगो, त्याला पुन्हा रारेरु लावून 'ओश्शारारेरु' झालं की चूक, 'गोरान नि नारारेरु' तसंच. पण काही रूढ झालेली जोडरूपं मान्य आहेत, 'ओमिए नि नारु', 'ओउकागाइ सुरु' ही मार्गदर्शिकेतच रूढ म्हणून दिलीत. यादी पाठ करण्यापेक्षा नेहमी एकच आदर लावायची सवय बरी.

जाता जाता, नुसतं रारेरुवालं सोनकेइगो मी मेलमध्ये टाळते, चूक म्हणून नाही तर दोन अर्थ होतात म्हणून. 'कोरारेमास का' म्हणजे येताय का, की येऊ शकता का? 'ओकोशि नि नारिमास का' लिहिलं की संपलं.

१५. मॅनेजर म्हणतो आमची दोस्ती आहे, रात्री एकत्र बिअर प्यायलोय, जरा फ्रेंडली कर.

करता येतं, पण केइगो काढून नाही. गोझाइमास कमी करून देस-मासवर या, झोन्जिमासऐवजी ओमोइमास, 'ओसेवा नि नात्ते ओरिमास' छोटं करून ठेवा पण काढू नका, आणि जवळीक मजकुरात घाला. 'सेन्जित्सु वा तानोशी ओहानाशि ओ आरिगातो गोझाइमाशिता', त्या दिवशीच्या गप्पांबद्दल आभार, ही एक ओळ पुरते. सीसीमध्ये तानाका-सानचे वरिष्ठ असतील तर तीही ओळ काढा आणि जाडी परत वाढवा, कारण आता मेल साहेब पण वाचणार आहेत, बिअरचा विषय तर सोडाच.

१६. मेल माझ्या आयडीवरून जातो, बोलणं मॅनेजरचं. मी कोण म्हणून लिहू?

तुम्ही म्हणूनच लिहा आणि पहिल्या ओळीत सांगा: 'सुमिसु नि कावारिमाशिते गोरेन्राकु इताशिमास'. मग मॅनेजरचं म्हणणं 'सुमिसु योरि' किंवा 'सुमिसु गा मोशिते ओरिमास' असं तिसऱ्या माणसाचं येतं, सान नाही, प्रश्न ४ प्रमाणे. मेल मॅनेजरच्या आयडीवरून जात असेल तर सगळं 'वाताकुशि'. अर्धा मेल असा, अर्धा तसा करू नका.

अजून एक, 'परदेशी कंपनी आहे, चुका माफ करतात' यावर विसंबू नका. मॅनेजरने स्वतः मोडक्यातोडक्या जपानीत दोन ओळी लिहिल्या तर कौतुक होतं. पण मेल सफाईदार जपानीत असेल आणि त्यात हाइकेन शिते कुदासाइ असेल तर वाचणारा ती परदेशी माणसाची चूक धरत नाही, बेफिकिरी धरतो.

१७. आमचा जुना बॉस आता क्लायंटकडे जॉइन झालाय. आणि क्लायंटचे एक जण आमच्याकडे आलेत. कसं लिहायचं?

आत-बाहेर हे आजच्या नोकरीवर ठरतं. जुना बॉस आता बाहेरचा, पूर्ण सामा आणि सोनकेइगो, मॅनेजर त्याला अजून निकनेमने हाक मारत असला तरी. जे आपल्याकडे आले ते जॉइन झाल्या दिवसापासून क्लायंटसमोर बिन-सानचे, आणि हे पहिल्यांदा टाइप करताना बोटं अडखळतात, विशेषतः मेल त्यांच्याच जुन्या टीमला जात असेल तर. जुन्या टीमने त्यांना सान लावलं तरी आपण उत्तरात लावायचं नाही.

एकच ठिकाणी हा नियम उलटतो. मॅनेजरच्या घरच्यांना लिहायची किंवा फोनवर बोलायची वेळ आली, म्हणजे तो जपानमध्ये आजारी पडला आणि बायकोला कळवायचंय, तर तिथे तो त्यांच्या आतला आणि तुम्ही बाहेरचे. सान लावा, सोनकेइगोही लावा.